गॅदरिंगचं आभारप्रदर्शन: खान्देशातल्या शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकासाठी

डिसेंबर लागला की स्टाफ मीटिंगमध्ये गॅदरिंगची कामं वाटली जातात. सूत्रसंचालन खणखणीत आवाजाच्या मॅडमकडे जातं, नाच बसवणारे ठरलेले असतात, अहवाल मुख्याध्यापक स्वतः वाचतात. शेवटी उरतं ते आभारप्रदर्शन, आणि ते शाळेत सगळ्यात नव्या शिक्षकाच्या गळ्यात पडतं. म्हणजे गावात कोण कोणाचं कोण, हे ज्याला सर्वांत कमी ठाऊक, त्यानेच गावासमोर उभं राहून गावाची नावं घ्यायची. पवित्र पोर्टलवरून नेमणूक होऊन लातूर-सांगलीकडून जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या शाळेत आलेल्यांसाठी हा लेख आहे. इथल्याच, पण शेजारच्या तालुक्यातून आलेल्यालाही तो उपयोगी पडेल.

आभाराचं भाषण माइकसमोर बिघडतं असं वाटतं, पण खरं ते आधीच्या दोन-तीन आठवड्यांत बिघडलेलं असतं. कोणी काय केलं हे टिपून ठेवलेलं नसलं की मग ‘ज्ञात-अज्ञात हातांचे आभार’ मानावे लागतात.

उदाहरणासाठी एक शाळा धरू. चोपडा तालुक्यातलं तापीकाठचं गाव, संस्थेची अनुदानित शाळा, पाचवी ते दहावी. कार्यक्रम जानेवारीत, शाळेच्याच मैदानावर, संध्याकाळी सहाला. गावाजवळच्या बऱ्याच शाळांचं चित्र थोड्याफार फरकाने असंच असतं.

आभार पत्रिकेत कुठे आहेत ते बघा

पहिलं काम लिहिण्याचं नाही, विचारण्याचं आहे. कार्यक्रमपत्रिकेचा कच्चा कागद मुख्याध्यापकांकडून मागून घ्या. साधारण क्रम असा असतो: दीपप्रज्वलन आणि प्रतिमापूजन, ईशस्तवन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय व सत्कार, अहवालवाचन, बक्षीस वितरण, मनोगतं, अध्यक्षीय भाषण, मग विविध गुणदर्शन आणि सगळ्यात शेवटी आभार. हा शेवटचा शब्द तिथे सवयीने छापलेला असतो आणि तिथेच तो सगळ्यात निरुपयोगी असतो.

कारण नाच संपेपर्यंत प्रमुख पाहुणे दुसऱ्या गावच्या गॅदरिंगला निघून गेलेले असतात. हंगाम एकच असल्यामुळे त्यांना एका संध्याकाळी दोन-दोन ठिकाणी जावं लागतं. पाचवीच्या मुलांचे नाच आधी होतात, त्यामुळे त्यांच्या आया झोपाळलेली पोरं कडेवर घेऊन घरी गेलेल्या असतात. मंडपवाल्याची माणसं मागच्या खुर्च्या गोळा करू लागलेली असतात. ज्यांचे आभार मानायचे, त्यांच्यातलं कोणी समोर नसतं.

म्हणून मुख्याध्यापकांना सांगा की आभार अध्यक्षीय भाषणानंतर लगेच, विविध गुणदर्शनाच्या आधी घेऊ. ‘प्रथा आहे’ असं उत्तर आलं तर वेळेचं कारण द्या, ते पटतं. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद करावा लागतो. कार्यक्रम लांबला तर आभार माइकशिवाय, ओरडून मानावे लागतील. राष्ट्रगीताआधी एक-दोन वाक्यांचा निरोप तेवढा शेवटी ठेवा.

त्याच वेळी किती मिनिटं मिळणार ते विचारा. तीन ते साडेतीन मिनिटं मागा. मराठीत सावकाश, नावं स्पष्ट उच्चारत बोललं तर मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द होतात. म्हणजे तुमच्याकडे चारशे शब्दांच्या आसपास आहेत, आणि त्यात नावांसाठी मुश्किलीने पंधरा जागा. हा आकडा डोक्यात ठेवून पुढचं सगळं काम करायचं.

वहीत आधी काम लिहा, मग नाव

तयारी सुरू झाली त्या दिवसापासून एक छोटी वही खिशात ठेवा. डावीकडे झालेलं काम, उजवीकडे माणूस, या क्रमाने लिहा. आधी नावं लिहायला घेतली की पहिल्या पानावर आपोआप चेअरमन, सचिव, सरपंच, पोलीस पाटील येतात आणि यादी हुद्द्यांची होते. आधी काम लिहिलं की वेगळीच माणसं वर येतात.

आपल्या शाळेच्या वहीत काय निघालं ते बघा. स्टेज दोन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडून केलं, त्या ट्रॉल्या शाळेशेजारच्या शेतकऱ्याच्या. केळीच्या घडांच्या फेऱ्या चालू असताना त्याने दोन दिवस त्या शाळेत उभ्या ठेवल्या. मैदानावर धूळ उडू नये म्हणून पाण्याचा टँकर ग्रामपंचायतीने दिला. साउंड दहावीच्या जुन्या बॅचच्या मुलांनी मिळून सांगितला. वायरमन संध्याकाळभर डीपीजवळ थांबायला तयार झाला. आठवीच्या मुलींच्या नाचाला नऊवारी हव्या होत्या, त्या वाड्यावरच्या आज्यांनी पेट्यांतून काढून दिल्या. तालीम सुटायला उशीर व्हायचा, तेव्हा वस्तीवरच्या पोरींना काळी-पिवळीवाला वेगळी फेरी मारून सोडून यायचा.

यातलं निम्मं तुम्हाला स्टाफरूममध्ये कळणार नाही. ते शिपाईमामांना विचारा. कुलूप तेच उघडतात आणि तेच लावतात, त्यामुळे कोण किती वाजता आलं आणि किती वाजता गेलं हे त्यांना माहीत असतं. दुसरी खबर पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंकडे मिळते. तालमीच्या दिवसांत पोरांसाठी चुलीवर जास्तीचा चहा कोणी ठेवला, दूध कोणी पाठवलं, हे त्या सांगतील.

वहीत एक पान मुलांसाठी ठेवा, पण नाचणाऱ्यांसाठी नाही. नाचणाऱ्यांना टाळ्या मिळणारच आहेत. पडदा ओढणारे, खुर्च्या मांडणारे, मेकअपच्या खोलीबाहेर रांग लावणारे आणि निवड न होऊनही रोज तालमीला येऊन गाण्याचा पेनड्राइव्ह सांभाळणारे, हे त्या पानावर येऊ द्या.

नावांची तपासणी

खान्देशात नव्या माणसाची पहिली अडचण म्हणजे पाटील. एकाच स्टाफवर तीन-चार पाटील सर असतात, समोर बसलेल्यांत तीस-चाळीस. ‘पाटील सरांचे आभार’ म्हटलं तर कोणाचेच मानले जात नाहीत. चौधरी, महाजन, सोनवणे, आणि सातपुड्याकडच्या गावांत पावरा, वसावे, पाडवी, वळवी यांचंही तेच. म्हणून पहिलं नाव घ्याच.

दुसरी गोष्ट, कागदावरचं नाव आणि गावातलं नाव वेगळं असतं. ज्याला सगळं गाव नानाभाऊ म्हणतं त्याचं खरं नाव त्याच्या शेजाऱ्यालाही पटकन आठवत नाही. अशा वेळी दोन्ही घ्या: आधी पूर्ण नाव, लगेच ‘म्हणजे आपले नानाभाऊ’. पहिल्या नावाने मान राखला जातो, दुसऱ्याने टाळी येते. पत्रिकेवर ‘आबासो.’, ‘दादासो.’ असं छापलेलं दिसेल. ते वाचताना ‘आबासाहेब’, ‘दादासाहेब’ असं म्हणायचं. बाहेरून आलेले शिक्षक ‘आबासो’ असंच वाचतात आणि मागच्या रांगेत हशा पिकतो.

बायकांच्या नावांपुढे ‘सौ.’ की ‘श्रीमती’ याचा घोळ जपून सोडवा. कागदोपत्री श्रीमती कोणालाही चालतं, पण गावात अनेक जण त्याचा अर्थ विधवा असा घेतात. आणि जिचा नवरा गेला आहे तिला माइकवरून सौ. म्हणणं हे तर फारच वाईट. खात्री नसेल तर दोन्ही सोडा, नाव घ्या आणि पुढे ‘ताई’ लावा. ते कोणालाही बोचत नाही.

सगळ्यात धोक्याची जागा बक्षिसांच्या यादीत आहे. कायमस्वरूपी ठेवींची बक्षिसं बहुधा कोणाच्या तरी स्मरणार्थ असतात: ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, त्यांचे चिरंजीव तमुक यांच्याकडून’. बाप-लेकाचं आडनाव सारखं, आणि यादी टाईप करताना एक ओळ वरखाली झाली की पुढच्या रांगेत बसलेल्या देणगीदाराच्या नावाआधी ‘कै.’ लागतं. असं झालं तर त्या संध्याकाळचं दुसरं काहीच गावाच्या लक्षात राहत नाही. म्हणून बक्षिसांची यादी लिपिकाच्या मूळ रजिस्टरशी ताडून बघा. टाईप केलेल्या कागदावर विसंबू नका. आणि शंका असेल तर भाषणात ‘कै.’ शब्दच टाळून ‘वडिलांच्या स्मरणार्थ ठेव ठेवणारे …’ असं वाक्य करा.

यादी पुरी झाली की ती गावातल्याच, जुन्या सहकाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवा. नुसती डोळ्यांखालून घालायला देऊ नका. ऐकताना त्याच्या भुवया जिथे वर जातील तिथे थांबा आणि कारण विचारा.

दोन पॅनल, आणि वर्गणीचे आकडे

ग्रामपंचायतीत किंवा विकास सोसायटीत दोन गट नसलेलं गाव शोधून सापडायचं नाही. आजी सरपंच एका बाजूचे, माजी सरपंच दुसऱ्या बाजूचे, आणि दोघांचीही नातवंडं शाळेत. एकाचं नाव आधी आलं किंवा एकाला ‘विकासपुरुष’ आणि दुसऱ्याला नुसतं ‘श्री.’ म्हटलं, की दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर तुमच्या भाषणाचा पंचनामा होतो.

यावर माझा उपाय एकच: विशेषणं कोणालाच नाहीत, आणि नाव कामाच्या मागून. ‘मैदानावर पाणी मारण्यासाठी ग्रामपंचायतीने टँकर दिला, सरपंच … यांचे आभार. मुलींसाठी कपडे बदलायला आपली ओसरी उघडून दिली, त्या माजी सरपंच … यांचे आभार.’ इथे क्रमावर कोणी भांडत नाही, कारण दोन्ही वाक्यांत काम आहे. ज्याने यंदा काहीच केलेलं नाही, पण व्यासपीठावर खुर्ची आहे, त्याचा समावेश ‘व्यासपीठावरील सर्व मान्यवर’ यात होतो. ते पुरेसं आहे, आणि त्यालाही ते कळतं.

आकड्यांचा प्रश्न जास्त नाजूक. लोकवर्गणीत कोणी पाच हजार एक दिलेले असतात, कोणी एकावन्न. मोठा आकडा माइकवरून यावा अशी काहींची इच्छा असते, कधी ती चिठ्ठीने तुमच्यापर्यंत पोहोचतेही. आभारात आकडा घेऊ नका. देणगीदारांची यादी रकमेसह फलकावर लावायची की नाही हे संस्थेने ठरवावं, पावत्या संस्थेने द्याव्यात. तुम्ही म्हणायचं ते एवढंच: ‘वर्गणी देणाऱ्या प्रत्येक घराचे आभार, सगळ्यांची नावं दारातल्या फलकावर आहेत.’ कापूस वेचून मजुरी मिळवणाऱ्या बाईचे एकावन्न रुपये मोठ्या रकमेशेजारी उच्चारले की तिला संकोच वाटतो, आणि न उच्चारले की ती मोजली गेली नाही असं होतं. आकडा टाळला की दोन्ही टळतं. चिठ्ठी आलीच तर ती मुख्याध्यापकांकडे द्या, स्वतः निर्णय घेऊ नका.

शाळा व्यवस्थापन समितीचे आभार मानताना बहुतेक जण फक्त अध्यक्षांचं नाव घेतात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. त्या महिला सदस्या बहुधा व्यासपीठावर नसतात, समोर सतरंजीवर असतात. त्यांच्यापैकी जिने प्रत्यक्ष काही केलं तिचं नाव नक्की घ्या.

वाक्य कसं असावं

तयार वाक्यांची एक मोठी रास आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या फिरते आहे. ‘आपल्या व्यस्त कार्यक्रमातून वेळात वेळ काढून’, ‘कार्यक्रमाला चार चाँद लावले’, ‘आभार मानून मी त्यांना परकं करणार नाही, त्यांच्या ऋणातच राहणं पसंत करेन’. या शेवटच्याचा मला खास राग आहे. आभार मानायला उभं राहून आभार मानत नाही म्हणायचं, आणि तेही सलग चार जणांच्या बाबतीत! ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की या माणसाने काय केलं हे वक्त्याला ठाऊक नाही.

वाक्य तपासायची एक सोपी पद्धत आहे. त्यातलं नाव काढून दुसऱ्या कोणाचंही घाला. वाक्य तसंच चाललं तर ते टाका. ‘ज्यांचं बहुमोल सहकार्य लाभलं’ हे कोणालाही चालतं. ‘ज्यांनी केळीच्या फेऱ्या थांबवून दोन ट्रॉल्या आपल्याला दिल्या, आणि आत्ता हे स्टेज त्याच ट्रॉल्यांवर उभं आहे’ हे एकाच माणसाला चालतं. असं वाक्य आलं की माणसं माना वळवून त्या माणसाकडे बघतात. तीच खूण, वाक्य जमलं.

पालकांबद्दल बोलताना ‘पालकांनी मोठ्या संख्येने उपस्थित राहून’ म्हणण्यापेक्षा ते काय सोडून आले ते सांगा. जानेवारीत इकडे कापसाची शेवटची वेचणी चालू असते, गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं, आणि शेतीच्या लायनीची पाळी रात्रीची असली की माणूस मोटारीवर असतो. मंडपात बसलेल्या बापाच्या डोक्यात लाईट आली असेल का हाच विचार असतो. ते तुम्हाला माहीत आहे एवढं कळलं तरी पुरे.

सहकाऱ्यांच्या बाबतीत मात्र आवरतं घ्या. प्रत्येक शिक्षकाचं नाव घेतलं तर दोन मिनिटं तिथेच जातात, आणि पालकांना ते घरगुती कौतुक वाटतं. शिक्षकांसाठी एक एकत्रित वाक्य करा आणि नावं फक्त त्यांची घ्या जी एरवी राहून जातात: तासिका तत्त्वावरचे शिक्षक, लिपिक, शिपाई, स्वयंपाकी ताई. मुख्याध्यापकांना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे स्वतःचं नाव एकदाच आलं याचं त्यांना आश्चर्य वाटणार नाही.

एक पूर्ण मसुदा

आता वर धरलेल्या शाळेचं भाषण बघा. नावांच्या जागा रिकाम्या ठेवल्या आहेत.

‘व्यासपीठावरील सर्व मान्यवर, समोर बसलेले माय-बाप, आजी-आजोबा आणि विद्यार्थी मित्रांनो,

मुलं पडद्यामागे रंग लावून तयार आहेत, म्हणून मी थोडकंच बोलतो.

आजचे अध्यक्ष … यांनी आपल्या भाषणात दहावीच्या मुलांना त्यांच्या भीतीबद्दल विचारलं, आणि मुलांनी खरी उत्तरं दिली. प्रमुख पाहुण्या … यांनी बक्षीस देताना प्रत्येक मुलाशी दोन शब्द बोलून घेतले. दोघांचे मनापासून आभार. ही शाळा चालवणाऱ्या आमच्या संस्थेचे अध्यक्ष … आणि सर्व संचालक यांचे आभार.

मी उभा आहे ते स्टेज म्हणजे दोन ट्रॉल्या आहेत. केळीच्या फेऱ्या थांबवून त्या आपल्याला देणारे …, म्हणजे आपले नानाभाऊ, यांचे आभार. मैदानावर पाणी मारायला टँकर देणारी ग्रामपंचायत आणि सरपंच … यांचे आभार. मुलींना कपडे बदलायला आपली ओसरी उघडून देणारे माजी सरपंच … यांचे आभार. आज लाईट जाऊ नये म्हणून डीपीजवळ उभे असलेले वायरमन … भाऊ आत्ता हे ऐकत असतील, त्यांचेही आभार. साउंड आपल्या जुन्या विद्यार्थ्यांनी सांगितला आहे. मंडपवाले … यांनी ठरल्यापेक्षा जास्त सतरंज्या आणल्या.

थोड्या वेळाने आठवीच्या मुली नऊवारीत येतील. त्या साड्या आपल्या गावातल्या आज्यांच्या पेट्यांतल्या आहेत. व्यवस्थापन समितीच्या … ताईंनी घरोघर फिरून त्या गोळा केल्या, आणि उद्या त्याच घडी घालून परत करणार आहेत. सगळ्या आज्यांचे आणि ताईंचे आभार.

वेचणीची मजुरी सोडून आलेल्या आया, रात्रीचं पाणी पुढे ढकलून आलेले वडील, आणि वर्गणी देणारं प्रत्येक घर, तुमचे आभार. सगळ्यांची नावं दारातल्या फलकावर आहेत.

मुख्याध्यापक … सर आणि माझे सर्व सहकारी महिनाभर शाळा सुटल्यावर थांबले. … मामांनी रोज शेवटचं कुलूप लावलं, … आणि … या ताईंनी तालमीच्या पोरांना उपाशी राहू दिलं नाही. वस्तीवरच्या मुलींना रोज घरी सोडणारे … भाऊ, तुमच्यामुळे त्यांचा नाच आज होतो आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, जे नाचणार आहेत त्यांना टाळ्या मिळतीलच. पण नववीची जी मुलं पडदा ओढणार आहेत, आणि ज्यांनी दुपारपासून खुर्च्या लावल्या, त्यांच्यासाठी आत्ता एकदा टाळ्या वाजवूया.

धन्यवाद.’

हे अडीचशेच्या आसपास शब्द आहेत. नावं भरली, टाळ्यांना थांबलात, आणि मध्ये एखादं वाक्य वाढलं की बरोबर तीन मिनिटांवर जातं. अध्यक्ष आणि पाहुण्यांबद्दलची दोन वाक्यं आधी लिहून ठेवता येत नाहीत. ती त्यांचं भाषण ऐकताना कागदाच्या कोपऱ्यात लिहायची. मसुद्यात तिथे चार बोटं जागा सोडा.

अहिराणीत एखादं वाक्य घ्यावं का, असं नवे शिक्षक हमखास विचारतात. ‘तुम्ही येळ काढीसन उनात, आम्हले भारी बरं वाटनं’ असं म्हटलं की मंडप उसळतो हे खरं. पण बोली गावागणिक बदलते. रावेर-यावलकडे लेवा बोली, सातपुड्याच्या पायथ्याला पावरी आणि भिली, धुळे-साक्रीकडची अहिराणी आणि अमळनेरकडची यांच्यातही ढब वेगळी. चुकीच्या गावात चुकीची बोली बोललात तर ती थट्टा वाटते. तुम्ही इथले नसाल तर ते वाक्य एखाद्या विद्यार्थिनीला द्या. शेवटी ती तुमच्या शेजारी येऊन तिच्या घरच्या बोलीत दोन ओळी बोलेल. त्या ओळी तिच्या आजीकडून तपासून आणायला सांगा.

त्या संध्याकाळी

कार्यक्रमाआधी अर्धा तास कागद हातात घेऊन मंडपातून एक फेरी मारा. कोण आलं, कोण नाही, यावर खुणा करा. जो आलेला नाही त्याचं नाव गाळायचं नाही, फक्त ‘इथे उपस्थित’ हे शब्द काढायचे. पाहुणा ऐनवेळी बदलला असेल तर नवं नाव कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा. स्मरणात ठेवीन म्हणाल तर जुनंच तोंडात येईल.

कागद जाड कार्डाचा घ्या. मैदानावर वारा असतो आणि फुलस्केप एका हातात फडफडतो, दुसऱ्या हातात माइक असतो. अक्षर मोठं, ओळी सुट्या, प्रत्येक नावाखाली रेघ. व्यासपीठावरचा दिवा बहुधा तुमच्या डोळ्यांवर असतो, कागदावर नसतो. म्हणून संध्याकाळीच एकदा त्या जागी उभं राहून वाचून बघा.

अध्यक्षांचं भाषण लांबलं तर काय? लांबतंच. पडद्यामागून घुंगरांचे आवाज येऊ लागतात, मागची पोरं शिट्ट्या मारतात. अशा वेळी वेगाने वाचू नका. वेग वाढला की नावं चुकतात. त्याऐवजी कार्डाच्या मागच्या बाजूला एका मिनिटाचा मसुदा आधीच लिहून ठेवा: अध्यक्ष-पाहुणे, ट्रॉल्या, साड्या, पालक, पडदा ओढणारी मुलं. उरलेली नावं सूत्रसंचालक मॅडमना देऊन ठेवा. दोन नाचांमध्ये मुलं कपडे बदलत असताना त्यांना वेळ भरून काढायचाच असतो, तेव्हा त्या एक-एक नाव कामासकट घेतील. खरं तर हा प्रकार मला मूळ भाषणापेक्षाही आवडतो, कारण नऊवारीच्या नाचाच्या आधी साड्यांचे आभार आले की त्याला जास्त अर्थ येतो.

लाईट गेली तर जनरेटर चालू होईपर्यंत थांबा. अंधारात ओरडून घेतलेलं नाव मागे पोहोचत नाही, आणि तेच नाव पुन्हा घेतलं तर बाकीच्यांना दुजाभाव वाटतो. नाव चुकीचं उच्चारलंत आणि समोरून कोणी दुरुस्त केलं, तर बरोबर नाव एकदा म्हणा आणि पुढे चला. लांबलचक माफी मागितली की चूक ज्यांना ऐकू गेली नव्हती त्यांनाही कळते.

‘कोणाचं नाव राहून गेलं असल्यास क्षमस्व’ हे वाक्य म्हणायचंच असेल तर म्हणा, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका. ज्याचं राहिलं त्याला त्या वाक्याने काही मिळत नाही.

नाव राहिलंच तर

ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं, बहुधा शिपाईमामांकडून. त्यासाठी प्रार्थनेच्या वेळी घोषणा करणं किंवा गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणं हा मार्ग नाही. ज्यांना ठाऊक नव्हतं त्या दोनशे जणांना तो विषय मिळतो. संध्याकाळी त्या घरी जा, एकटे नको, मुख्याध्यापकांना किंवा गावातल्याच एखाद्या सहकाऱ्याला बरोबर घ्या. कार्यक्रमाचा एक फोटो छापून न्या, ज्यात त्या माणसाने केलेलं काम दिसतं: त्यांचा टँकर, त्यांची ओसरी, त्यांच्या साडीतली मुलगी. चहा नाकारू नका. माफीचं एक वाक्य पुरतं, बाकीचा वेळ त्यांच्या पोराच्या अभ्यासाबद्दल बोला.

आणि ती वही मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवून द्या, राहिलेलं नाव त्यात वेगळ्या शाईने लिहून. पुढच्या डिसेंबरात आभार ज्या नव्या शिक्षकाकडे जातील त्याला ट्रॉल्या कोणाच्या हे विचारत फिरावं लागणार नाही.